चित्राच्या फोटोला काय विचारावे?

हातात दिवा घेऊन उभी असलेली साडीतली तरुणी. दुसरा हात ज्योतीच्या आड धरलेला, बोटांच्या कडांतून लालसर उजेड झिरपतो आहे आणि तोच उजेड चेहऱ्यावर आणि साडीच्या घड्यांवर पसरला आहे. हे चित्र कधीच न पाहिलेला मराठी माणूस विरळाच म्हणायचा. दिनदर्शिकांवर, शुभेच्छापत्रांवर, दिवाणखान्यातल्या चौकटींत आणि आता मोबाइलच्या पडद्यावर त्याच्या असंख्य प्रती फिरत असतात. चित्र कोणाचे, असे विचारले की बरेचदा बेधडक उत्तर येते: राजा रविवर्मा, तैलरंग. दोन्ही चूक. चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे आहे आणि ते जलरंगातले आहे. हळदणकर १८८२ साली सावंतवाडीत जन्मले, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ओळखले जाणारे हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचे आहे. ते म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे. रविवर्मा १९०६ मध्येच वारले, म्हणजे हे चित्र रंगवले गेले तेव्हा त्यांना जाऊन चाळीस वर्षे होत आली होती.

ही चूक निव्वळ अज्ञानातून होते असे मला वाटत नाही. रविवर्म्यांची चित्रे त्याच कलादालनात आहेत, साडी नेसलेल्या भारतीय स्त्रीचे वास्तववादी चित्र म्हटले की त्यांचेच नाव आधी आठवते आणि छापील प्रतीत जलरंग आणि तैलरंग यांच्यातला फरक सहज पुसला जातो. चूक करणाऱ्याने डोळे मिटून उत्तर दिलेले नसते. त्याने चित्र पाहिलेले असते, पण जे चित्रात दिसूच शकत नाही तेही ‘पाहिले’ असे तो धरून चालतो. शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला नेमके हेच घडते. मुलांसमोर मूळ चित्र नसते, त्याचा फोटो असतो, कधी पुस्तकातला तर कधी प्रोजेक्टरवरचा. ‘या चित्राचे वर्णन करा’ असे सांगितले की वहीत तीन निरनिराळ्या प्रकारची वाक्ये एकाच दमात उतरतात: डोळ्यांना दिसले ते, दिसले त्यावरून ताडले ते, आणि कुठूनतरी कानावर आलेले. वर्णनात या तिन्हींना जागा आहे. पण कुठले वाक्य कशाच्या जोरावर उभे आहे हे लिहिणाऱ्याला कळलेच पाहिजे, आणि ते कळण्यासाठी प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारणे पुरते: हे वाक्य खोटे असते, तर फोटो वेगळा दिसला असता का?

या प्रश्नाने काय होते ते हळदणकरांच्या चित्रावरच पाहू. समजा, एखाद्या मुलीने लिहिले: ‘चित्रात एक तरुण स्त्री उभी आहे. तिने साडी नेसली आहे. एका हातात दिवा आहे आणि दुसऱ्या हाताने तिने ज्योत झाकली आहे. वाऱ्याने दिवा विझू नये म्हणून ती जपते आहे. ती संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावायला निघाली आहे. तिच्या मनात आशा आहे. हे चित्र तैलरंगातले असून राजा रविवर्मा यांनी काढले आहे.’ वाचायला हे वर्णन ठीक आहे. दहापैकी सात गुण सहज पडतील. आता एकेक वाक्य तपासू. स्त्री उभी नसती, बसलेली असती, तर फोटो वेगळा दिसला असता. हातात दिव्याऐवजी ताट असते तर वेगळा दिसला असता. पहिली तीन वाक्ये सुटली. ‘वाऱ्याने दिवा विझू नये म्हणून’ इथे मात्र अडखळायला होते. वारा नसेल आणि नुसती झगझगीत ज्योत डोळ्यांवर येऊ नये म्हणून हात आडवा धरला असेल, तरी हात तिथेच असता आणि बोटे तशीच लालसर झाली असती. वाऱ्याचा तर्क वाजवी आहे, कारण घरात दिवा घेऊन चालताना हात असाच धरतात. पण तो तर्क आहे. तुळशीचे वाक्य तर आणखी लांब गेले. चित्रात तुळस नाही, वृंदावन नाही, अंगण नाही. ती तुळशीकडे चालली असेल, देवघराकडे चालली असेल किंवा कुणाला वाट दाखवायला उभी असेल, फोटो एकच राहील.

‘आशा’ कुठून आली? ती शीर्षकातून आली. या चित्राचे नाव नुसते ‘दिवा घेतलेली स्त्री’ असते, आणि त्या नावानेही ते ओळखले जातेच, तर किती मुलांनी चेहऱ्यावर आशा वाचली असती? कुणी शांतता म्हटले असते, कुणी वाट पाहणे, कुणी संकोच. शीर्षक चित्राखाली छापलेले असते, चित्रात रंगवलेले नसते. चित्रकाराने स्वतः ते दिले असेल तर त्याला मोल आहेच, कारण त्याला काय अभिप्रेत होते याचा तो पुरावा ठरतो. पण तो पुरावा शब्दांचा आहे, रंगरेषांचा नाही. वर्गात या दोन गोष्टी वेगळ्या करायचा सोपा मार्ग म्हणजे आधी शीर्षक झाकून वर्णन लिहायला लावायचे आणि मग शीर्षक उघडून विचारायचे, आता कुठले वाक्य बदलावेसे वाटते? जी वाक्ये बदलतात ती शीर्षकावर उभी राहणारी होती.

शेवटचे वाक्य सगळ्यांत फसवे, कारण ते सर्वांत ठाम सुरात लिहिलेले असते. माध्यमाचा प्रश्न आधी घेऊ. तैलरंगात चित्रकार गडद पार्श्वभूमी आधी रंगवू शकतो आणि दिव्याचा उजेड वरून घट्ट फिकट रंगाने चढवू शकतो. पारदर्शक जलरंगात हे उलट चालते. तिथे उजेड म्हणजे कागदाचा मूळ पांढरेपणा. जिथे ज्योत आणि उजळलेला गाल यायचा आहे ती जागा सुरुवातीपासून राखून ठेवावी लागते आणि भोवतीचा काळोख पातळ रंगाचे एकावर एक थर देत, प्रत्येक थर वाळू देत, गडद करत न्यावा लागतो. हात घसरला आणि राखलेल्या जागेवर गडद रंग गेला तर तो ओल्या कुंचल्याने उचलून किंवा खरवडून थोडाफार परत मिळतो, पूर्ण मिळत नाही. म्हणून दिव्याच्या उजेडातले चित्र जलरंगात एवढ्या सफाईने रंगवणे अवघड, आणि म्हणूनच जाणकार या चित्रापुढे थबकतात. पण हे सारे कौतुक ‘जलरंग’ ही माहिती हाती आल्यानंतरचे आहे. ती माहिती नसेल तर पुस्तकातल्या चार इंची फोटोत सफाईदार जलरंग आणि सफाईदार तैलरंग जवळपास सारखेच दिसतात. तैलरंगाच्या थराला उंची असते, कुंचल्याच्या केसांच्या खाचा त्यात राहतात, वार्निश चमकते, कॅनव्हासचे विणकाम कुठेतरी डोकावते. जलरंग कागदात मुरतो, थराच्या कडेला वाळताना बारीक गडद रेघ उमटते, कागदाचा खरखरीतपणा दिसतो. या खुणा मिलिमीटरच्या मापाच्या असतात. फोटो लहान केला, छापला, पुन्हा स्कॅन केला की त्या सगळ्यांत आधी नाहीशा होतात.

यावर एखादा कलाशिक्षक म्हणेल की फोटो चांगला असेल तर माध्यम ओळखता येते. खरे आहे. चित्राच्या पृष्ठभागावर एका बाजूने, जवळजवळ समांतर उजेड टाकून, अगदी जवळून काढलेल्या फोटोत रंगाच्या थराची उंचसखल सावली स्पष्ट दिसते, आणि चित्रांची निगा राखणारे तज्ज्ञ असे फोटो मुद्दाम काढतात. म्हणजे ‘फोटो माध्यम सांगू शकत नाही’ हे विधानही सरसकट खरे नाही. जो फोटो समोर आहे तो सांगू शकतो की नाही, एवढाच प्रश्न आहे. शाळेच्या पुस्तकातला फोटो समोरून, सपाट उजेडात, चकाकी टाळून काढलेला असतो, कारण त्याला चित्राचा विषय दाखवायचा असतो. पृष्ठभागाची साक्ष त्याच्याकडे नसते आणि ती त्याच्याकडून मागणेही बरे नाही.

चित्रकाराच्या नावाचा आक्षेप अधिक वजनदार आहे. जाणकार फोटो पाहून चित्रकार ओळखतात, मग चित्रकार फोटोत ‘दिसत’ नाही असे कसे म्हणता येईल? ओळखतात हे मान्य. पण कशाच्या बळावर? त्यांनी त्या चित्रकाराची आणि त्याच्या समकालीनांची खात्रीशीर चित्रे आधी पाहिलेली असतात. चेहरा घडवण्याची पद्धत, हातांची ठेवण आणि काळोखातली रंगछटा ते त्या साठ्याशी ताडून पाहतात. निकालातला मोठा वाटा त्या साठ्याचा असतो, समोरच्या फोटोचा कमी. साठा अपुरा असेल तर हीच पद्धत भलतीकडे नेते, आणि रविवर्म्यांचे नाव नेमके त्या वाटेने आले. ज्याच्या साठ्यात वास्तववादी भारतीय चित्रकार म्हणून एकटे रविवर्मा आहेत, त्याला असे प्रत्येक चित्र रविवर्म्यांचेच वाटणार. त्याने शैली ओळखली ती फार चुकीची नाही, कारण हळदणकर त्याच पाश्चात्त्य वास्तववादी शिक्षणाच्या परंपरेतले. पण शैली एका घराण्याची असू शकते आणि चित्र त्यातल्या एका माणसाचे. चित्रावर सही असली तरी ती आधार देणारा एक पुरावाच असतो. सही नंतर कुणी घालू शकतो, आणि छपाईत कडा कापल्या की आहे ती सहीही जाते. नाव निश्चित होते ते कागदपत्रांतून, प्रदर्शनांच्या नोंदींतून, संग्रहाच्या दप्तरातून.

चित्रात कोण उभे आहे, हा प्रश्नही याच जातीचा. या चित्रासाठी हळदणकरांची मुलगी उभी राहिली होती. पुढे त्या कोल्हापूरला राहत आणि वयाची शंभरी ओलांडून २०१८ मध्ये वारल्या, तेव्हा बऱ्याच वाचकांना या चित्राची खरी हकिगत पहिल्यांदा कळली. चित्राचा फोटो कितीही मोठा केला, कितीही स्वच्छ केला, तरी त्यातून हे नाते निघणार नव्हते. चेहऱ्यामोहऱ्यातले साम्य सापडले असते तरी तेवढ्याने काही सिद्ध झाले नसते. चित्रकार समोरच्या माणसाचा चेहरा घेऊनही बदलतो आणि न घेताही कुणाशीतरी जुळणारा रंगवतो. ही माहिती माणसांकडून आली, त्यांच्या सांगण्यावर आणि घरच्या आठवणींवर उभी राहिली. म्हणून ती कमी प्रतीची ठरत नाही. फक्त तिचा पत्ता चित्रात नाही, दुसरीकडे आहे.

फोटो काही गोष्टी सांगत नाही एवढेच असते तर प्रश्न सोपा होता. तो काही गोष्टी बदलूनही सांगतो, आणि तेव्हा आपली कसोटीची ओळ थोडी वाढवावी लागते. साडीचा रंग घ्या. एका छापात ती जांभळट दिसेल, दुसऱ्यात गुलाबीसर, मोबाइलवर निळसर. कॅमेऱ्याने दालनातला दिव्याचा पिवळा उजेड कसा हिशेबात धरला, छापखान्याने शाई किती दिली, पडद्याची झळाळी किती आहे, यांवर ते ठरते. संग्रहालयांसाठी फोटो काढणारे म्हणूनच कलाकृतीच्या शेजारी ठरावीक रंगांच्या चौकोनांची पट्टी ठेवतात. त्या चौकोनांचे रंग आधीच ठाऊक असल्याने फोटोतला रंग किती सरकला ते मोजता येते. पुस्तकात फोटो येतो तेव्हा ती पट्टी कापलेली असते. म्हणून विद्यार्थ्याने ‘साडी जांभळी आहे’ असे लिहिण्यापेक्षा ‘या फोटोत साडी जांभळट दिसते’ असे लिहावे. शब्द दोनच वाढतात. रंगांतले नाते मात्र तो निर्धास्त लिहू शकतो: ज्योतीजवळचा भाग ऊबदार आणि उजळ, दूरचा थंड आणि गडद. सगळा फोटो एका बाजूला झुकला तरी हे नाते बहुधा टिकून राहते. एकेका छटेवर फोटोची साक्ष कच्ची, दोन छटांच्या तुलनेवर बरीच पक्की.

डावे-उजवेही असेच. छपाईत किंवा समाजमाध्यमांवर चित्र आरशासारखे उलटणे नवे नाही. उलटलेले चित्र ओळखायला अक्षरे असतील तर उत्तम, ती लगेच चुगली करतात. नसतील तर साडीचा पदर उपयोगी पडतो. नेहमीच्या नेसणीत तो डाव्या खांद्यावरून जातो, तेव्हा उजव्या खांद्यावर दिसला तर शंका घ्यावी. शंकाच घ्यावी, निर्णय देऊ नये, कारण गुजराती पद्धतीत पदर उजव्या खांद्यावरून पुढे येतो. शिवाय मुलांचा गोंधळ वेगळाच असतो: चित्रातल्या व्यक्तीचा डावा की पाहणाऱ्याचा डावा? शिक्षकाने पहिल्याच दिवशी ‘तिचा डावा हात’ आणि ‘चित्राची डावी बाजू’ असे दोन वेगळे प्रयोग ठरवून दिले तर पुढच्या निम्म्या चुका टळतात.

शिल्पाच्या बाबतीत फोटोची तोकडी बाजू अधिक उघडी पडते. मोहेंजोदडोची ‘नर्तकी’ इतिहासाच्या पुस्तकात हमखास भेटते. १९२६ मध्ये उत्खननात सापडलेली, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची ही धातूची मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पुस्तकात ती बरेचदा पान भरून असते. थोडा खालून रोखलेला कॅमेरा, मागे काळी पार्श्वभूमी, मान किंचित मागे टाकून ऐटीत उभी असलेली मुलगी. वर्णनात मुले ‘भव्य’ हा शब्द लिहितात, आणि फोटो पाहता त्यात त्यांची काही चूक नाही. मूर्तीची उंची साडेदहा सेंटिमीटर आहे. ती मुठीत धरता येईल. इथे आपला प्रश्न नेमका लागू पडतो: मूर्ती दहा सेंटिमीटरऐवजी दहा फूट असती तर हा फोटो वेगळा दिसला असता का? नाही. फोटोत आकार येतो, आकारमान येत नाही. ते यायचे तर शेजारी माहीत मापाची वस्तू हवी. उत्खननात वस्तूजवळ काळ्या-पांढऱ्या खुणांची मोजपट्टी ठेवतात ती याचसाठी. पट्टी नसेल तर आकारमानाचे सगळे शब्द, ‘भव्य’ आणि ‘इवलीशी’ दोन्ही, फोटोच्या खालच्या ओळीतून आणावे लागतात.

या मूर्तीत जे दिसते ते थोडे नाही. उजवा हात कमरेवर. डावा हात पायाशी टेकलेला आणि खांद्यापासून मनगटापर्यंत बांगड्यांनी भरलेला. उजव्या हातात मात्र चारच, दोन मनगटाशी, दोन कोपराच्या वर. गळ्यात लोलकांची माळ. अंगावर दागिन्यांखेरीज वस्त्र नाही. पावलांचा भाग तुटलेला. प्रत्येक गोष्टीवर बोट ठेवता येते, आणि दोन हातांतली ही तफावत एकदा लक्षात आली की ती का असेल असे कुणीही विचारू लागते. केसांची मागची गाठ समोरच्या फोटोत नीट कळत नाही. शिल्पाला मागची बाजू असते आणि एका फोटोला एकच जागा, एवढी साधी गोष्ट वर्णन लिहिताना विसरली जाते. निदान ‘समोरून पाहता’ एवढे दोन शब्द शिल्पाच्या वर्णनाच्या सुरुवातीला असलेच पाहिजेत.

आणि नर्तकी? कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या मुलीला ते नाव उत्खनन करणाऱ्या पिढीने दिले. तिच्या उभे राहण्यात त्यांना नाचातली लकब जाणवली. लकब जाणवणे चूक नाही. पण ती नाचणारी नसून नुसती उभी असलेली, वाट पाहणारी किंवा कुणाला उलट उत्तर देणारी मुलगी असती, तर मूर्तीत काय बदलले असते? काहीच नाही. सिंधू लिपी अजून वाचता आलेली नाही, त्यामुळे त्या लोकांनी तिला काय म्हटले असेल हे सांगणारा मजकूरही हाताशी नाही. नाव इतके रुळले आहे की आता मूर्ती पाहण्याआधी नाच दिसतो. धातूचेही तसेच. फोटोत काळपट, कुठे चमकणारा पृष्ठभाग दिसतो. त्यावरून ती मातीची किंवा लाकडाची नसावी असा अंदाज करता येईल, पण तांबे की कांसे हे रंगावरून ठरत नाही. जमिनीत शतकानुशतके पडून राहिलेल्या धातूवर जो थर चढतो त्याचा रंग आतल्या धातूचा नसतो. मेणाचा नमुना करून, त्यावर मातीचा साचा चढवून, मेण वितळवून काढून त्या पोकळीत धातू ओतण्याची रीत, हीही मूर्ती तपासणाऱ्यांनी सांगितलेली गोष्ट आहे. आणि साडेचार हजार वर्षे हा आकडा मूर्तीच्या चेहऱ्यावरून आलेला नाही, ती ज्या थरात सापडली त्या थरावरून आला आहे. फोटोत तो थर कुठेच नाही.

आता सर्वांत मूलगामी आक्षेप. ‘साडी’ हे तरी डोळ्यांना दिसते का? साडी काय असते हे ज्याला ठाऊक नाही त्याला लांबलचक गुंडाळलेले कापड दिसेल. ‘दिवा’ ओळखायलाही पूर्वीची ओळख लागते. मग पाहिलेले आणि बाहेरून आणलेले यांच्यातली रेघच खोटी नाही का? रेघ धूसर आहे हे मी मान्य करतो, खोटी आहे हे नाही. ‘साडी’ म्हणायला बाहेरची ओळख लागते, पण ते म्हटल्यावर शंका घेणाऱ्याला कापडाच्या निऱ्यांकडे, पदराकडे, काठाकडे बोट दाखवता येते, आणि ते साडी नसते तर या गोष्टी निराळ्या दिसल्या असत्या. ‘रविवर्मा’ म्हटल्यावर बोट कुठे ठेवायचे? ओळखीच्या प्रत्येक शब्दाला काही ना काही बाहेरचे लागते, पण काही शब्दांना फोटो उलट उत्तर देऊ शकतो आणि काहींपुढे तो मुका राहतो. वर्णनात हा भेद पुरे आहे. तत्त्वज्ञानाचा तास वेगळा ठेवावा.

दुसरी तक्रार शिक्षकांची असते: एवढी छाननी केली तर मुलांचे लिखाण रुक्ष होईल, प्रत्येक वाक्याला ‘कदाचित’ लागेल, कल्पनेचे पंख छाटले जातील. मला उलट दिसते. ‘सुंदर’, ‘भव्य’, ‘भावपूर्ण’, ‘जिवंत वाटणारे’ हे वर्णनातले ठरलेले शब्द येतात ते पाहण्याचे काम संपले असे वाटले म्हणून. तुळस आणि आशा काढून टाकल्यावर मुलीला पुन्हा फोटोकडे जावे लागते, आणि तेव्हा तिला दिसते की उजेड खालून येतो आहे. रोजच्या उजेडात चेहऱ्यावरच्या सावल्या खाली पडतात, इथे त्या वर सरकल्या आहेत. सर्वांत तीव्र रंग ज्योतीचा नसून बोटांच्या कडांचा आहे, कारण उजेड मांसातून आरपार येताना लाल होतो. ज्योतीपासून दूर जाताना साडीच्या घड्या विरत विरत काळोखात मिसळतात, चित्रकाराने त्यांची कड काढायचे टाळले आहे. ही वाक्ये तुळशीच्या वाक्यापेक्षा कितीतरी रसाळ आहेत आणि फोटो त्यांना साक्ष देतो. कल्पनेला बंदी नाहीच. रसग्रहण लिहिताना ती तुळशीपाशी चालली आहे असे मानावे, वाटल्यास गोष्ट रचावी. फक्त ते वर्णनाच्या खाली, ‘मला असे वाटते’ म्हणून यावे.

परीक्षेत चित्रकाराचे नाव आणि माध्यम विचारतातच, ते मुलांनी लिहू नये का? जरूर लिहावे, पण वेगळ्या ओळीत आणि कशावरून ते सांगून: ‘पुस्तकातल्या ओळीनुसार हे चित्र स. ल. हळदणकर यांनी जलरंगात रंगवले आहे.’ असे लिहिणाऱ्या मुलाच्या पुस्तकातली ओळच चुकीची निघाली तर त्याला त्याचे वर्णन पुसावे लागत नाही, एक ओळ बदलली की झाले. ज्याने ‘रविवर्म्यांनी आपल्या खास तैलरंगी शैलीत स्त्रीचे लावण्य टिपले आहे’ असे लिहिले, त्याला सगळा परिच्छेद पुन्हा लिहावा लागतो, कारण लावण्य, शैली आणि रंग तिन्ही त्या एका नावातून निघालेले असतात. त्याच्या वहीत चित्र शोधायला गेलो तर बहुधा सापडणार नाही.

गुण देताना शिक्षकाची खरी अडचण मधल्या वाक्यांशी होते. ‘दिवा पितळेचा आहे’ याला काय द्यावे? पिवळी धातूची चमक फोटोत असेल, पण ज्योतीच्या उजेडात कुठलाही धातू पिवळसर दिसेल. ‘चित्र रात्रीचे आहे’ याला? काळोख दिसतो, रात्र दिसत नाही. दारे लावलेली खोली दुपारीही अंधारी असते. माझे मत असे की अशा वाक्याला पूर्ण गुण द्यावेत, अट एवढीच की त्याच वाक्यात त्याचा आधार आलेला हवा: ‘भोवती काळोख आहे आणि दिव्याखेरीज दुसरा उजेड दिसत नाही, म्हणून रात्र असावी.’ ‘म्हणून’ नसेल तर अर्धा गुण कापावा. तो शब्द असेल आणि तर्क मात्र शिक्षकाच्या तर्काहून वेगळा निघाला, तर काहीच कापू नये.